अस्तराचा वेस्टकोट: मुंढे नीट हवेत तर पुढचे भाग खांद्यातून ओढा

बिनबाह्यांच्या कपड्यात सगळ्यांची नजर मुंढ्यावर जाते, कारण तिथे झाकायला बाही नसते. अस्तर लावलेला वेस्टकोट घरी शिवायला घेतला की बहुतेकजण इथेच अडतात. खांदे शिवले, बाजू शिवल्या, अस्तर आत बसवलं, आणि आता मुंढ्याची कड कशी संपवायची ते कळत नाही. मग उरेब पट्टी लावली जाते किंवा कडा आत दुमडून वरून टीप मारली जाते. ती टीप वळणावर हमखास सुरकुतते.

यापेक्षा चांगली रीत आहे. तिच्यात गळा, पुढची कड आणि दोन्ही मुंढे उलट्या बाजूने मशीनवर शिवले जातात आणि मग पुढचे दोन्ही भाग खांद्याच्या बोगद्यातून मागे ओढून सगळं सुलटं केलं जातं. वरून एकही टीप दिसत नाही. रीत अवघड नाही, पण तिचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे आणि तो एकदा चुकला तर उसवण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणून आधी क्रमामागचं कारण समजून घ्या.

वरचं कापड आणि अस्तर सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून गळा आणि मुंढा शिवला की खांद्यावर या दोन शिवणींच्या मध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो. पुढचा भाग या बोगद्यातून आरपार जाऊन पाठीच्या बाजूने बाहेर आला की सुलटा होतो. पण तो जाण्यासाठी मोकळा असायला हवा. बाजूची शिवण आधीच घातली असेल तर पुढचा भाग पाठीला बांधला जातो आणि कितीही ओढलं तरी बोगद्यातून निघत नाही. म्हणून या रीतीचा एकच पक्का नियम आहे: खांदे आधी, बाजू मुंढ्यांनंतर, खालची कड सगळ्यात शेवटी.

वाचून चित्र डोळ्यासमोर येत नसेल तर जुन्या चादरीच्या तुकड्यातून वीतभर उंचीचा नमुना कापून तो शिवून बघा. तासाभराचं काम आहे, आणि हातांना एकदा वाट कळली की पुढचं सगळं सोपं जातं.

## काय काय लागेल

उदाहरणासाठी मी 38 इंच छाती आणि 24 इंच लांबी धरली आहे. साधा व्ही गळा, कॉलर नाही, पुढे पाच बटणं. छातीत 4 इंच सैलपणा धरला की तयार घेर 42 इंच होतो, म्हणजे चौथा भाग साडेदहा इंच.

- वरचं कापड: 44 इंच पन्ह्याचं दीड मीटर. खादी, लिनन किंवा मध्यम जाडीचं सुती कापड उत्तम.
- अस्तर: तेवढंच. पहिल्या वेस्टकोटाला पातळ सुती पॉपलिन घ्या. सॅटिन दिसतं सुंदर, पण टाचणीखालून सरकतं.
- पुढच्या भागांसाठी हलकं, इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग. कडक बकरम नको, ते बोगद्यात घडी धरतं.
- बारीक टाचण्या, टोकदार छोटी कात्री, खडू, उसवणी, इस्त्री आणि टोकं बाहेर काढायला स्वेटर विणायची सुई.
- हातशिलाईची सुई आणि मिळत्या रंगाचा दोरा.

खादी आणि सुती अस्तर दोन्ही कापण्याआधी धुऊन आटवून घ्या. वरचं कापड आटलं आणि अस्तर आटलं नाही, तर पहिल्याच धुण्यानंतर मुंढ्याभोवती अस्तराचा फुगा दिसतो. तो नंतर दुरुस्त होत नाही.

## 1. कापणी: अस्तर जरा लहान हवं

दोन पुढचे भाग आणि एक पाठ वरच्या कापडातून, तेच तीन अस्तरातून. सगळीकडे तीन सूत माया सोडा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुढच्या भागात बटणपट्टीसाठी मध्यरेषेच्या पुढे पाऊण इंच धरा.

तयार खांदा साडेतीन इंच रुंद ठेवला आहे. बोगदा एवढाच असतो, आणि बारा इंच रुंदीचा पुढचा भाग घड्या घालून त्यातून सहज जातो. खांदा दोन इंचांच्या आत आला तर खादीसारखं कापड ओढताना फार त्रास देतं. तेव्हा फॅशनेबल अरुंद खांदा पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आता महत्त्वाचं. कापून झाल्यावर अस्तराच्या पुढच्या कडेवरून, गळ्यावरून आणि मुंढ्यावरून आणखी एक सूत कापड काढून टाका. पातळ कापड असेल तर अर्धं सूत पुरे. बाजूच्या शिवणीजवळ पोहोचता पोहोचता ही कपात शून्यावर आणा, म्हणजे तिथे वरचं कापड आणि अस्तर बरोबर जुळतील. पुढे शिवताना कडेला कड जुळवली की वरचं कापड किंचित सैल पडतं, आणि सुलटं केल्यावर तेच कडेवरून आत वळतं. अस्तर बाहेर डोकावत नाही ते या एका सुतामुळे.

पाठीच्या अस्तराला मात्र उलट, जास्तीचं कापड हवं. ते कापताना घडीपासून अर्धा इंच बाहेर सरका. मध्ये एकूण एक इंच जास्त मिळेल, त्याची गळ्यापाशी आणि खाली चूण घाला. हात पुढे घेतला की पाठ ताणली जाते, तेव्हा ही चूण उघडते.

## 2. सुटे भाग तयार करणे

वरच्या कापडाच्या पुढच्या भागांना आतून फ्युजिंग चिकटवा, पण शिवणीच्या मायेत ते येऊ देऊ नका. व्ही गळ्याची कड तिरकी कापलेली असते आणि हाताळताना ताणली जाते. तिच्यावर सरळ धाग्यात कापलेली फ्युजिंगची अर्धा इंची पट्टी लावा. मुंढ्याच्या वळणावर कडेपासून दोन सूत आत, कापड न ओढता, एक साधी टीप घालून ठेवा. ती मायेतच राहते आणि वळण धरून ठेवते.

टक्स असतील तर ते आणि खिसे आत्ताच करा. बटणं अजिबात लावू नका. खिशावर जाड झाकणपट्टी असेल तर ती बोगद्यात अडकेल का, याचाही विचार करा.

मग वरच्या कापडाचे दोन्ही खांदे शिवा. अस्तराचेही शिवा. माया उघडून इस्त्री करा, आणि मायेची खांद्याच्या दोन्ही टोकांना असलेली कोपऱ्याची टोकं तिरकी कापून टाका. मुंढ्याची आणि गळ्याची शिवण या ठिकाणावरूनच जाणार आहे. इथे चार थरांची गाठ राहिली तर तयार वेस्टकोटात खांद्याच्या टोकाला बारीक गोळी जाणवते.

बाजू अजून उघड्याच आहेत ना, ते बघून घ्या.

## 3. गळा आणि पुढची कड

वरचा भाग टेबलावर सुलट्या बाजूने पसरा. त्यावर अस्तर सुलटी बाजू खाली करून ठेवा. पहिली टाचणी खांद्याच्या शिवणीवर लावा, दुसरी पाठीच्या मध्यावर, मग गळ्याभोवती आणि पुढच्या कडेला. अस्तर लहान आहे, त्यामुळे वरचं कापड मध्येमध्ये थोडं उचललेलं दिसेल. तसंच हवं.

शिवताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग जाऊ नका. पाठीच्या मध्यापासून सुरुवात करून एका बाजूला खालपर्यंत या, मग पुन्हा मध्यापासून दुसऱ्या बाजूला. एकाच दिशेने सलग शिवलं तर मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलत जातात आणि व्ही गळ्याचे दोन काठ कमीजास्त होतात. खालची कड तशीच उघडी सोडा.

## 4. मुंढे

आता बाजूच्या कडेपासून मुंढ्यावरून वर, खांद्याची शिवण ओलांडून पलीकडच्या बाजूच्या कडेपर्यंत सलग टीप घाला. टाके जरा बारीक ठेवा. वळणावर कापड खेचू नका, दर इंचा-दीड इंचाला सुई खाली ठेवून पाय उचला आणि कापड फिरवा. खांद्यावर आलात की खालची आणि वरची खांद्याची शिवण बरोबर एकमेकींवर आहेत की नाही ते हाताने चाचपून पाहा. दोन सुतांचा फरकसुद्धा सुलटं केल्यावर खांद्याला पीळ देतो.

दोन्ही मुंढे झाले की पुढच्या भागांच्या आणि पाठीच्या बाजू, आणि सगळीकडची खालची कड, एवढंच उघडं राहायला हवं.

## 5. माया कमी करणे आणि काप देणे

मुंढा नीट बसतो की सुरकुततो, ते इथे ठरतं, म्हणून या पायरीला वेळ द्या. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या मायेत वरच्या कापडाची दोन सूत आणि अस्तराची एक सूत ठेवून बाकी कापून टाका. दोन्ही थर एकाच मापाने कापले तर कडेवर एक कठीण धार उमटते आणि ती इस्त्रीनेही जात नाही. खादी सुटत असेल तर तिची माया दोन सुतांखाली आणू नका.

मग वळणावर काप द्या. मुंढ्याच्या पुढच्या खालच्या भागात वळण सगळ्यात खोल असतं, तिथे दर अर्ध्या इंचाला. वर खांद्याकडे कड जवळजवळ सरळ आहे, तिथे इंचभर अंतराने पुरे. गळ्याला मागच्या बाजूला अर्ध्या इंचाने. काप शिवणीच्या दोन धागे अलीकडे थांबवा. थोडा कमी दिला तर सुलटं केल्यावर कड ओढल्यासारखी दिसते, आणि शिवणीत घुसला तर तिथे भोक पडतं. म्हणून कात्रीचं फक्त टोक वापरा आणि प्रत्येक काप उजेडात धरून बघा.

सुलटं करण्याआधी माया अस्तराकडे वळवून इस्त्रीच्या टोकाने दाबून घ्या. बोगद्यातून ओढलं की आत पोहोचता येत नाही, तेव्हा खांद्यावरची ही इस्त्री आत्ताच होऊ शकते.

## 6. खांद्यातून ओढणे

पाठीच्या खालच्या उघड्या कडेतून, वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधून हात आत घाला. सरळ वर जाऊन एका खांद्याच्या बोगद्यात बोटं घाला. पलीकडे पुढचा भाग लोंबतो आहे. दुसऱ्या हाताने त्याच्या लांबीत तीन-चार घड्या घालून तो अरुंद करा आणि खालची कड बोगद्यात सरकवा. आतल्या बोटांनी ती पकडा आणि नाडी ओवतो तशी थोडी-थोडी मागे घ्या. ओढताना एका टोकाला धरू नका, कापडाची पूर्ण घडी मुठीत घ्या. टोकाला धरून हिसका दिला तर खादीची वीण तिथे विस्कटते.

अडलं तर जोर लावू नका. मागे घ्या, घडी सपाट करा, पुन्हा सरकवा. बहुतेक वेळा फ्युजिंगची कडा किंवा खिशाचा कोपरा आडवा झालेला असतो. पुढचा भाग पाठीच्या खालच्या कडेतून पूर्ण बाहेर आला की दुसऱ्या खांद्याचं तसंच करा.

दोन्ही बाहेर आले की वेस्टकोट सुलटा झालेला असतो, फक्त बाजू आणि खालची कड उघडी. मुंढ्याची आणि गळ्याची कड ओल्या बोटांच्या चिमटीत फिरवत शिवण नेमकी कडेवर आणा, मग केसभर आत ढकला आणि अस्तराच्या बाजूने इस्त्री करा. चुरगळलेल्या कापडाने घाबरू नका, वाफेची इस्त्री दिली की सगळं बसतं. सॅटिनच्या अस्तरावर मात्र इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती कापड घाला.

अस्तर आणखी पक्कं आत राहावं असं वाटत असेल तर माया अस्तराकडे वळवून, शिवणीला लागून, फक्त अस्तर आणि माया यांवर एक टीप घाला. बाजूच्या उघड्या कडेतून मुंढ्याला ही टीप देता येते. खांद्यापासून दोन इंच अलीकडे ती थांबवावी लागते, कारण बोगद्यात मशीनचा पाय पोहोचत नाही. एक सूत लहान कापलेलं अस्तर तिथलं काम सांभाळतं.

## 7. बाजू

आता बाजू. पुढच्या भागाचं वरचं कापड पाठीच्या वरच्या कापडाला, आणि पुढचं अस्तर पाठीच्या अस्तराला, सुलट्या बाजू आत ठेवून जुळवा. दोन्ही मिळून एक सलग सरळ रेषा होते: वरच्या कापडाच्या खालच्या कडेपासून मुंढ्यापर्यंत आणि तिथून पुढे अस्तराच्या खालच्या कडेपर्यंत. पहिली टाचणी मुंढ्याच्या शिवणीवर लावा. दोन्हीकडच्या मुंढ्याच्या शिवणी नेमक्या एकमेकींवर आल्या पाहिजेत, आणि माया दोन्हीकडे अस्तराकडे वळलेली हवी. इथे आधी कच्चा धावदोरा घालून, कापड उलगडून, सुलट बाजूने पाहून घ्या. मुंढ्याच्या कडेला पायरी दिसली तर दोरा काढून पुन्हा जुळवा.

मशीनवर नेण्याआधी पीळ पडला आहे का तेही तपासा. काखेत हात घालून बघा: मुंढा मोकळं गोल भोक दिसायला हवं. तिथे आठच्या आकड्यासारखा वळसा दिसत असेल तर पुढचा भाग एकदा उलटा फिरला आहे.

सलग टीप घालून माया उघडून दाबा. मग अंगात घालून बघा, कारण मापाला हात लावायची ही शेवटची संधी आहे. सैल वाटला तर बाजूला दोन्ही थरांतून सारखंच आत घ्या. पण प्रत्येक बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त घेतलं तर मुंढा तोकडा होऊन काखेत रुततो. तेवढा फरक असेल तर पुढच्या वेळी कापणीच बदला.

## 8. खालची कड

वेस्टकोट खालच्या उघड्या कडेतून असा उलटवा की खालची कड, वरच्या कापडाची सुलटी बाजू अस्तराच्या सुलट्या बाजूला लागून येईल. बाकीचा सगळा वेस्टकोट दोन थरांच्या मध्ये गुंडाळून ठेवायचा. टीप मारताना तो सुईखाली सापडणार नाही एवढी काळजी घ्या.

एका पुढच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टीप घाला आणि पाठीच्या मध्ये सहा इंच उघडं सोडा. उघड्या जागेच्या दोन्ही टोकांना मागेपुढे टीप मारून ती पक्की करा, कारण सगळं यातूनच ओढायचं आहे. पुढच्या टोकांवर पुढच्या कडेची माया अस्तराकडे दुमडून धरा, टाके बारीक करा आणि टोकाची माया तिरकी कापा. अस्तराची कड वरच्या कापडापेक्षा एक सूत वर राहील असं कापून घेतलं असेल तर ते खालूनही डोकावणार नाही.

आता सहा इंचांच्या फटीतून सगळं बाहेर काढा. टोकं विणायच्या सुईने हळूच सारखी करा, टोचून भोक पाडू नका. फटीच्या कडा आत दुमडून इस्त्री करा आणि लपवलेल्या टाक्यांनी हाताने बंद करा. सगळ्या वेस्टकोटात हातशिलाई एवढीच.

## 9. काज आणि बटणं

पुरुषांच्या वेस्टकोटात काज डाव्या भागावर येतात, बायकांच्या उजव्या. सगळ्यात वरचं बटण व्ही जिथे संपतो तिथे. शेवटचं खालच्या टोकापासून तीन-साडेतीन इंच वर ठेवलं तर बसताना कापड ताणत नाही. मधलं अंतर सारखं वाटून घ्या. काज पाडण्याआधी त्याच थरांच्या तुकड्यावर एक करून बघा, कारण तीन थरांवर मशीनचे काज कधीकधी जास्तच घट्ट येतात.

## बंद गळ्याचं जाकीट याच रीतीने होतं का?

होतं. लग्नकार्यात कुर्त्यावर घालतात ते उभ्या कॉलरचं जाकीट शिवताना तयार कॉलर आधी वरच्या कापडाच्या गळ्याला कच्ची लावून घ्या, मग त्यावर अस्तर ठेवून तिसरी पायरी करा. कॉलर दोन थरांच्या मध्ये पकडली जाते. तिची टोकं पुढच्या कडेच्या टिपेत सापडणार नाहीत अशी आत दुमडून टाचणीने धरून ठेवा. खांद्याचा बोगदा तेवढाच राहतो, पण पुढचा भाग ओढताना कडक कॉलर मुडपत नाही ना ते बघावं लागतं, म्हणून कॉलरला मधल्या जाडीचं फ्युजिंग पुरे. मी अशा जाकिटाची पाठ दोन्ही बाजूंनी अस्तराच्या कापडाचीच ठेवते: खांद्यावरचा एक जाड थर कमी होतो आणि पुढचे भाग बोगद्यातून पटकन निघतात.